काकू बोलतायत, पडद्यावर मिरची: मुलाखतीवर कटअवे कसे बसवायचे

छोट्या दुकानदाराची चित्रफीत करायची म्हटलं की बहुतेक जण एकच गोष्ट करतात. दुकानदाराला गल्ल्यामागे बसवतात, कॅमेरा समोर लावतात आणि बोलायला सांगतात. वीस मिनिटं बोलणं होतं. त्यातून तीन मिनिटं काढायची म्हणजे मधलं बरंच कापावं लागतं, आणि प्रत्येक काप पडद्यावर दिसतो. माणूस बोलता बोलता अचानक झटका बसल्यासारखा दोन इंच डावीकडे सरकतो, हातातला पेन गायब होतो, मान वळते. याला जंप कट म्हणतात. तो झाकायला मधे दुसरं दृश्य घालतात आणि आवाज दुकानदाराचाच चालू ठेवतात. हे मधलं दृश्य म्हणजे कटअवे, आणि अशा सगळ्या दृश्यांच्या साठ्याला बी-रोल म्हणतात.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. गाडी अडते ती पुढे. कटअवे हे ठिगळ आहे असं एकदा डोक्यात बसलं की जिथे काप तिथे बरणी, जिथे काप तिथे पाटी, असं चिकटवणं सुरू होतं. चित्रफीत गुळगुळीत होते, पण बघणाऱ्याला दुकान काही कळत नाही. म्हणून एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ.

लालबाग-परळकडच्या गल्लीतलं मसाला कांडपाचं दुकान डोळ्यांसमोर आणा. आत डंके आहेत, म्हणजे विजेवर वरखाली होणारी लोखंडी मुसळं. फेब्रुवारी ते मे हा सीझन. बायका वर्षाचा मसाला करायला मिरची घेऊन येतात, समोर बसून कुटून घेतात. दुकान काकू चालवतात. त्यांचं बोलणं मी उदाहरणासाठी रचलंय, पण मुलाखतीत माणसं साधारण अशीच बोलतात:

«सासरे गिरणीत होते. ब्याऐंशी साली संप झाला, त्यांची गिरणी काही परत सुरू झाली नाही. मग त्यांनी, म्हणजे, अं, माझं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट ही, चौऱ्याऐंशीला हा गाळा घेतला. तेव्हा एकच डंका होता. आता तीन आहेत. मिरची आली की आधी ऊन द्यायचं, नाही, आधी देठं काढायची, मग ऊन. कडक वाळली की ती वाजते. मग कुटायची. चाळून वर जो चोथा राहतो तो परत डंक्यात. बायका समोर बसून बघतात, आपलीच मिरची आपल्याला मिळते ना. लॉकडाऊनला ऐन सीझनमध्ये बंद होतं. मार्चअखेर, एप्रिल, मे. तेव्हा वाटलं, संपलं आता.»

या बोलण्याला चित्रं लावायची आहेत. पण आधी चित्रांना हात लावायचा नाही. आधी फक्त आवाज जुळवायचा. पूर्ण मुलाखत कागदावर उतरवा, हवी ती वाक्यं अधोरेखित करा, टाइमलाइनवर तेवढीच ठेवा आणि डोळे मिटून ऐका. झटके दिसतील याची आत्ता फिकीर नको. गोष्ट कानाला पटते का, एवढंच बघायचं. वरच्या उताऱ्यात दोन जागा उडवायच्या: एक «म्हणजे, अं, माझं लग्न» वगैरे, आणि दुसरी «आधी ऊन द्यायचं, नाही». कापताना श्वास अर्ध्यावर तोडू नका. चित्र काहीही लावलं तरी अर्धा श्वास कानाला टोचतोच.

कापल्यावर जिथे पोकळी पडते तिथे टाकायला दुकानातली शांतता हवी. म्हणून मुलाखत झाली की सगळ्यांना गप्प बसवून तशीच एक मिनिटभर रेकॉर्डिंग चालू ठेवायची. पंखा चालू असेल तर चालूच ठेवायचा, कारण मुलाखतीतही तो होता. संपूर्ण निःशब्द जागा कानाला खड्ड्यासारखी लागते आणि तिथे काप आहे हे लगेच कळतं.

आता काय टिपायचं ते बघू. कटअवे शक्यतो मुलाखतीनंतर टिपावेत असं माझं ठाम मत आहे. आधी टिपले की तुम्ही मसाल्याच्या दुकानात काय असतं याच्या तुमच्या कल्पनेतली चित्रं घेता: बरण्या, तराजू, देवाचा फोटो, पाटी. काकू मात्र बोलतात चोथ्याबद्दल आणि मिरची वाजण्याबद्दल, आणि त्याचं तुमच्याकडे काहीच नसतं. मुलाखत चालू असताना एकाने वही घेऊन बसावं आणि डोळ्यांनी दिसू शकेल असा प्रत्येक शब्द लिहून काढावा. आपल्या उताऱ्यातून निघणारी यादी लहानच आहे: सासऱ्यांचा फोटो, एक डंका, तीन डंके, देठं काढणारे हात, उन्हात पसरलेली मिरची, वाजणारी मिरची, चाळण, चोथा परत टाकणं, समोर बसलेल्या बायका. सकाळी गर्दी असेल आणि ती दुपारी मिळणार नसेल, तर गर्दी आधी टिपून घ्या. बाकीचं नंतर.

मुलाखतीच्या वेळी डंके बंद हवेत हे उघड आहे. ऐन सीझनमध्ये अर्धा तास डंका बंद ठेवणं म्हणजे गिऱ्हाईक ताटकळणं, तेव्हा ती वेळ काकूंनी सांगायची, आपण नाही.

टिपताना सगळ्यात जास्त चुकतं ते एका गोष्टीत. लोक सुटी चित्रं घेतात, काम घेत नाहीत. मिरचीच्या ढिगाऱ्याचं एक सुंदर चित्र चार सेकंद टिकतं आणि संपतं. देठं काढण्याचं काम मात्र चार-पाच चित्रांत घेतलं की त्यातून पंधरा सेकंदांची सलग तुकडी तयार होते. आधी बोटं जवळून: देठ खुडलं, बाजूला टाकलं. मग त्याच कामातला चेहरा, कारण बोटांनंतर डोळा आपोआप विचारतो की ही कोण. मग दुरून, म्हणजे बाई कुठे बसल्यात, किती मिरची पडलीय ते कळतं. मग खांद्यामागून, त्यांना जसं दिसतं तसं. शेवटी कामाचा निकाल: देठांचा वेगळा ढीग. कॅमेरा हलवायचा नाही, प्रत्येक चित्र दहा सेकंद धरायचं. दहा मोजताना फार वाटतात, पण संकलनात सुरुवातीचा आणि शेवटचा हिसका गेला की सहा-सातच उरतात. ढीग कमी-जास्त झालेला दिसतो, म्हणून ही पाची चित्रं एका बैठकीत घ्या. सकाळी बोटं आणि दुपारी चेहरा असं केलं तर मिरचीने भरलेली टोपली एका क्षणात रिकामी दिसेल.

किती लागतात याचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. तीन मिनिटांच्या फितीचा अर्धा भाग झाकायचा म्हटला तर ९० सेकंद. एक कटअवे साधारण साडेतीन सेकंद धरला तर पंचवीसेक चित्रं लागतील. निवडायला वाव हवा म्हणून त्याच्या दुप्पट, पन्नास घ्या. दहा-दहा सेकंदांची पन्नास म्हणजे नऊ मिनिटंही होत नाहीत. एवढं फुटेज सांभाळता येतं. नाहीतर दीड तास नुसतं चालू ठेवलेलं रेकॉर्डिंग कोणी बघत नाही, आणि हवं ते त्यात सापडत नाही.

कांडपाच्या दुकानाच्या स्वतःच्या काही अडचणी आहेत. डंका पडला की फरशी हादरते, आणि फरशीवर ठेवलेला ट्रायपॉडही. दुरून ते जाणवत नाही, पण जवळच्या चित्रात कड थरथरताना दिसते. पायांखाली घडी केलेलं गोणपाट घाला किंवा दाराबाहेरच्या पायरीवरून झूम करून घ्या. मिरचीची धूळ भिंगावर बसते. ती कापडाने पुसायची नाही, बारीक कण घासून ओरखडे पडतात. आधी फुंकणीने उडवायची, मग हलक्या हाताने पुसायची. आत भिंग बदलायचं नाहीच. आणि मुलाखत डंका बंद झाल्यावर लगेच घेऊ नका. हवेत तरंगणारी धूळ खाली बसू द्या, नाहीतर विचारणारा खोकेल आणि सांगणारी शिंकेल.

दिव्यांचंही बघावं लागतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण कॅमेऱ्यात आडव्या काळसर पट्ट्या सरकताना दिसतात. उपाय सोपा आहे: शटर १/५० किंवा १/१०० वर पक्कं करून ठेवायचं, फोनवर टिपत असाल तरी. मुलाखत सेकंदाला २५ फ्रेमवर असेल तर कटअवेही २५ वरच. मिरची उधळतानाचं एखादं चित्र संथ हवं असेल तर ते ५० फ्रेमवर, शटर १/१०० ठेवून घ्या आणि निम्म्या वेगाने चालवा. पण सगळंच संथ करू नका. डंक्याची मजा त्याच्या ठोक्यात आहे. संथ डंका मऊ दिसतो, आणि त्याच्याखाली त्याचा खरा आवाजही बसत नाही.

आता बसवणी. आवाजाची पट्टी खाली तयार आहे, मुलाखतीचं चित्र तिच्यासोबत. कटअवे वरच्या पट्टीवर ठेवायचे, म्हणजे खालचं काही न हलवता झाकता-उघडता येतं.

«सासरे गिरणीत होते» इथे काकूंचा चेहराच हवा. बोलणारं कोण आहे हे कळायच्या आत दुसरं चित्र आलं तर तो आवाज कुणाचाही होतो. १९८२ च्या संपाचं वाक्यही चेहऱ्यावरच. संपाचे जुने फोटो इंटरनेटवरून उचलून लावायचा मोह होईल. ते कुणाचे तरी असतात, परवानगी लागते. शिवाय मोर्चाच्या गर्दीत काकूंचे सासरे नाहीत. ते आहेत दुकानातल्या भिंतीवर, हार घातलेल्या फोटोत. «मग त्यांनी» नंतर जो काप आहे तिथे हा फोटो येतो, साधारण चार सेकंद, आणि «गाळा घेतला» पूर्ण होईपर्यंत राहतो. काप झाकला गेला, पण कुणाला तसं वाटलं नाही, कारण «त्यांनी» म्हटल्यावर ते कोण हे बघायचंच होतं. जिथे कापायची गरज आणि बघायची इच्छा एकाच जागी येतात, तिथे कटअवे सगळ्यात चांगला बसतो. काप भलत्या जागी असेल, तर कधी कधी काप दोन शब्द पुढे-मागे सरकवून तो अशा जागी आणता येतो.

«तेव्हा एकच डंका होता» वर एकाच मुसळाचं जवळचं चित्र. «आता तीन आहेत» वर मागे जाऊन तिन्ही. इथे चित्राने शब्दाच्या किंचित आधी पोचावं, अर्ध्या सेकंदाहून कमी. शब्दाबरोबर अगदी ठोक्यावर चित्र बदललं की पाढे म्हणून दाखवल्यासारखं वाटतं, आणि शब्दानंतर आलं तर विनोदी होतं.

मग देठं. दुसरा काप, «नाही, आधी देठं», त्यावर आपली पाच चित्रांची तुकडी सुरू होते. पाचही वापरायची गरज नाही. बोटं, चेहरा, उन्हातली मिरची. काकूंना चूक सुधारावी लागली होती, पण प्रेक्षकाला सरळ क्रम मिळतो: देठ, ऊन. «कडक वाळली की ती वाजते» हे या उताऱ्यातलं सगळ्यात चांगलं वाक्य आहे आणि त्याला चित्रापेक्षा आवाज हवा. वाळकी मिरची मुठीत घेऊन हलवली की आत बियांची खुळखुळ होते. ती माईक जवळ धरून वेगळी रेकॉर्ड करा. मग काकूंचं वाक्य संपल्यावर दोन सेकंद त्यांना थांबवा, म्हणजे पुढचं वाक्य सरकवा, आणि त्या जागेत फक्त मूठ आणि खुळखुळ. कटअवे म्हणजे मुका तुकडा असं धरल्यामुळे बरेच जण त्याचा आवाज घालवून टाकतात. तो ठेवावा. बोलण्याखाली हळू, बोलणं थांबलं की वर. «मग कुटायची» म्हणायच्या थोडं आधी डंक्याचा आवाज सुरू झाला, आणि चित्र मागून आलं, तर प्रेक्षक कानाने आधीच डंक्यापाशी पोचलेला असतो. फक्त बोलणं चालू असताना डंका इतका खाली ठेवा की एकही शब्द दोनदा ऐकावा लागू नये. तपासायचं ते फोनच्या स्पीकरवर, कारण लोक तिथेच बघणार आहेत.

«चोथा परत डंक्यात» साठी चाळण, चाळणीवर राहिलेला भाग, तो परत उखळात. ही कृती चित्राशिवाय समजतच नाही. चोथा हा शब्द ऐकून कुणी लिंबाचा चोथा डोळ्यांसमोर आणेल. इथे कटअवे समजावण्याचं काम करतो, आणि अशा जागा झाकायला काप नसला तरी झाकाव्यात.

«बायका समोर बसून बघतात» वर गिऱ्हाईक बाईची नजर. तिची परवानगी आधी घ्या. आणि इथे एक गंभीर गोष्ट आहे. काकू पुढे म्हणाल्या असत्या की «बाहेर भेसळ असते, म्हणून बायका समोर कुटून घेतात», तर त्या क्षणी पडद्यावर जे दिसेल ते भेसळीचं समजलं जाईल. शेजारच्या किराणा दुकानाची पाटी चुकून मागे आली तरी तुम्ही त्या दुकानावर आरोप केलात. तयार पाकिटांचं चित्र लावलं आणि कंपनीचं नाव वाचता आलं, तर तिच्यावर. काकूंच्या स्वतःच्या बरण्या लावल्यात तर त्यांच्यावरच. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की माणूस त्यांच्यात नातं जोडतो. १९२० च्या आसपास रशियात लेव कुलेशोव यांनी एकाच चेहऱ्यापुढे वेगवेगळी चित्रं जोडून हेच दाखवलं होतं. अशा वाक्यावर चेहराच ठेवा. काप असेल तर मुलाखतीचं चित्र थोडं मोठं करून, चेहरा जवळ आणून तो लपवा. मुलाखत ४के मध्ये टिपून फीत १०८० मध्ये काढणार असाल तर असं जवळ आणायला चिक्कार जागा असते आणि चित्र फुटत नाही.

तयार बाजारी फुटेजबद्दलही हेच. उन्हात वाळणाऱ्या लाल मिरच्यांची फुकट चित्रं ढिगाने मिळतात. पण ब्याडगी सुरकुतलेली, गडद असते, लवंगी बारीक आणि लहान. चकचकीत, गुळगुळीत परदेशी मिरची लावलीत तर ज्या बायका हे दुकान ओळखतात त्यांना पहिल्या सेकंदाला कळेल. आणि एक मिरची खोटी निघाली की काकूंच्या बाकीच्या बोलण्यावरचा विश्वासही डळमळतो.

आता लॉकडाऊन. वाक्याला जुळणारं चित्र हाताशी आहे: शटर खाली ओढणं. रोज रात्री काकू शटर ओढतातच, तेव्हा ते टिपणं सोपं. पण ते २०२० चं शटर नाही, आणि प्रेक्षकाला ते त्या वेळचं वाटेल. कुणी म्हणेल, एवढं काय, प्रतीकच आहे. मला ते पटत नाही, पण त्याहून मोठं कारण वेगळं आहे. «तेव्हा वाटलं, संपलं आता» म्हणताना काकूंच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघण्यासारखं दुसरं काही त्या दुकानात नाही. म्हणून «ऐन सीझनमध्ये» च्या आधी, एखादं वाक्य बाकी असतानाच चेहऱ्यावर परत यायचं. अगदी त्याच शब्दावर आलात तर प्रेक्षकाला कळतं की आता भावूक व्हायचंय. «संपलं आता» नंतर मुलाखतीचं चित्र दोन सेकंद तसंच चालू द्या. बहुतेक जण इथे घाईने कापतात, कारण बोलणं थांबलेलं असतं. पुढे तिसरा डंका कधी आला हे काकू सांगतात, तिथून परत कामाची चित्रं.

उलट, मधल्या भागात एक सेकंद चेहरा, परत मिरची, परत एक सेकंद चेहरा असं करू नका. तेवढ्या वेळात ओळख पटत नाही, नुसती फडफड होते. चेहऱ्यावर आलात तर पूर्ण वाक्यभर थांबा, नाहीतर येऊच नका.

सगळं बसल्यावर दोनदा तपासा. एकदा आवाज बंद करून. नुसत्या चित्रांवरून देठ, ऊन, डंका, चाळण हा क्रम कळला पाहिजे. बरण्या आणि पाट्याच दिसत राहिल्या तर चित्रं शब्दांवर बसलेली नाहीत. दुसऱ्यांदा डोळे मिटून. चित्र नसताना एखादं वाक्य तुटक वाटलं, तर तिथे वरचा कटअवे कितीही छान असला तरी खालचा काप दुरुस्त करायचाय.

या तपासणीत हमखास एखादी जागा उघडी सापडते, आणि तेवढ्या एका चित्रासाठी दुकानात परत जावं लागतं. जाताना मूळ फितीतला एक स्थिर फ्रेम फोनमध्ये घेऊन जा. काकूंची साडी वेगळी असेल, तर फक्त हात टिपा, आणि बांगड्या त्याच आहेत का बघा. उन्हाची तिरीप दारातून ज्या बाजूने येत होती, त्याच वेळेला पोचा. सीझन संपून जूनचे ढग आले असतील तर मात्र उन्हातली मिरची पुढच्या फेब्रुवारीपर्यंत मिळणार नाही, आणि ते वाक्य चेहऱ्यावरच ठेवावं लागेल.